डिपॉझिट परत घेताना: 72 हजारांच्या यादीचा हिशेब

11 फेब्रुवारी 2024, रविवार. दुपारी घरमालक काका घर बघून गेले आणि संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. वहीच्या पानावर निळ्या पेनाने ओळीने लिहिलं होतं: पूर्ण घराचा रंग 38,000. किचनची फरशी 22,000. नवीन गिझर 6,500. खिडक्यांच्या जाळ्या 1,400. साफसफाई 3,000. शेवटचं वीजबिल 1,240. खाली बेरीज 72,140, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: ‘देणे बाकी रु. 1,860.’

कोथरूडच्या त्या दोन बेडरूमच्या घरात आम्ही 33 महिने राहिलो होतो. डिपॉझिट एक लाख होतं. नवीन घराचे 90 हजार भरण्यासाठी त्यातलेच पैसे लागणार होते. कागद वाचून नवरा गप्प बसला. मी मात्र त्या रात्री जुनं ॲग्रीमेंट, बँकेचं स्टेटमेंट आणि फोनमधले पहिल्या दिवशीचे फोटो काढून बसले. पुढच्या अठरा दिवसांत जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. आमच्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येक भाडेकरूचा हाच पैसा अडकतो आणि बहुतेक जण कंटाळून सोडून देतात.

सुरुवात जून 2021 पासून करायला हवी, कारण माझ्या बाजूने जे काही उभं राहिलं त्याचा पाया तेव्हाच पडला होता. ॲग्रीमेंट करताना एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, डिपॉझिट 40 हजार दाखवू या, बाकीचे 60 रोख द्या. स्टॅम्प ड्युटी वाचते.’’ काकांचीही हरकत नव्हती. मी फक्त विचारलं, किती वाचते? लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. ते लागतं एकूण भाड्यावर, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या व्याजाच्या रकमेवर. म्हणजे 60 हजार लपवले तर वर्षाचं व्याज 6 हजार, आणि त्यावर पाव टक्का म्हणजे 15 रुपये. पंधरा रुपये वाचवण्यासाठी 60 हजारांचा कुठेच पुरावा ठेवायचा नाही, असा तो सल्ला होता. डिपॉझिट ही परत करायची रक्कम, काकांचं ते उत्पन्नही नव्हे. त्यामुळे त्यांनाही लपवून काही फायदा नव्हता. हे समजावून सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. पूर्ण एक लाख बँकेतून दिले, शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहिलं आणि व्यवहाराचा क्रमांक ॲग्रीमेंटमध्ये घातला.

आमचं ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं होतं आणि दोनदा नवं केलं. यात एक जागा हमखास चुकते. नव्या ॲग्रीमेंटमध्ये एजंट जुनाच मसुदा वापरतो आणि ‘डिपॉझिट आज दिले’ असं लिहून टाकतो, किंवा तो रकाना रिकामा सोडतो. आम्ही दोन्ही वेळा ‘आधीच्या करारापोटी दिलेले एक लाख रुपये याच करारात पुढे ओढले आहेत’ असं वाक्य घालून घेतलं. तिन्ही ॲग्रीमेंट नोंदवलेली होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. बऱ्याच जणांना वाटतं की नोंदणी नसली तर आपला हक्कच गेला, तसं नाही.

पण डिपॉझिट दिल्यानंतर ते असतं कुठे? आपल्याकडे याचं उत्तर अगदी साधं आहे: घरमालकाच्या खात्यात, आणि पुढे त्याच्या खर्चात. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये भाड्याने राहते. तिथे घरमालकाला डिपॉझिट मिळाल्यापासून 30 दिवसांत ते सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं, आणि वाद झाला तर त्या योजनेचा तटस्थ माणूस दोघांचे कागद बघून निर्णय देतो. महाराष्ट्रात असा तिसरा हात नाही. पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन नाही, आणि ॲग्रीमेंटमध्ये बहुधा ‘बिनव्याजी’ असा शब्द असतो, त्यामुळे व्याजही नाही. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं आणि ताबा परत घेतला त्याच दिवशी, देणं वजा करून, ते परत करावं असं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे आमच्या बाबतीत खरा कायदा म्हणजे सही केलेलं ॲग्रीमेंटच.

त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती. एक: डिपॉझिट ‘ताबा देताच’ परत करावं. दुसरं: जागा ‘नैसर्गिक झीज वगळता’ घेतली होती त्या स्थितीत परत द्यावी. हे दुसरं वाक्य जुनं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये भाडेपट्ट्याबद्दल हाच विचार आहे की वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या अंगावर येत नाही. लीव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे ते कलम थेट लागत नाही; पण ते शब्द करारात उतरले की ते कराराचं कलम होतात. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये ‘रंगापोटी एक महिन्याचं भाडं कापले जाईल’ अशी ओळ नव्हती. काही ॲग्रीमेंटमध्ये ती असते, आणि मग झीज किती झाली हा प्रश्नच उरत नाही, कारण तुम्ही आधीच कबूल झालेले असता.

पैसे कुठे असतात याचा प्रत्यय यादी यायच्या आधीच आला होता. डिसेंबरच्या शेवटी आम्ही ‘29 फेब्रुवारीला मुदत संपते आहे, आम्ही पुढे राहणार नाही’ असं लेखी कळवलं. काका फोनवर म्हणाले, ‘‘हरकत नाही ताई. नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देऊन टाकतो.’’ हे वाक्य इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते नियमच वाटायला लागतं. मी जरा थांबून विचारलं, ‘‘काका, पैसे आत्ता तुमच्याकडे नाहीत का?’’ ते प्रामाणिकपणे म्हणाले, मागच्या वर्षी घरात ऑपरेशन झालं, त्यात गेले. निवृत्त माणूस, पेन्शनवर चालणारं घर. लबाडी नव्हती, पण आमच्या पैशाची सोयही नव्हती.

अशा वेळी बरेच भाडेकरू शेवटचे दोन-तीन महिने भाडं देणं बंद करतात आणि ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणतात. न विचारता असं केलं तर तो करारभंग ठरतो, आणि पुढच्या वादात आपलीच बाजू लंगडी पडते. पण मालक लेखी हो म्हणाला तर तोच सगळ्यात सोपा मार्ग आहे. मी काकांना म्हटलं, फेब्रुवारीचं 26 हजार भाडं डिपॉझिटमधून वळतं करू या, म्हणजे तुम्हाला शेवटी तेवढी कमी रक्कम उभी करावी लागेल. त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘मान्य’ लिहिलं. आता त्यांच्याकडे आमचे 74 हजार उरले. म्हणूनच 72,140 वजा करून ते 1,860 वर आले होते.

आता ती यादी. मी ठरवलं की प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. हे आमच्यामुळे झालं, की कुणीही नीट राहिलं असतं तरी झालं असतं? आमच्यामुळे झालं असेल तर दुरुस्ती पुरते का, की बदलावंच लागेल? आणि बदलावं लागत असेल तर त्या वस्तूचं किती आयुष्य शिल्लक होतं? तिसरा प्रश्न मला मावसबहिणीकडून कळला. ती म्हणाली, आमच्याकडे जुन्याच्या बदल्यात नवं मिळत नाही; दहा वर्षांची वस्तू मोडली तर दहा वर्षांच्या वस्तूचेच पैसे. हे काही आपल्या कायद्यात कलम म्हणून लिहिलेलं नाही. पण ऐकणाऱ्याला पटतं, आणि काका ऐकणारे होते.

रंगापासून सुरुवात केली, कारण अर्ध्याहून जास्त पैसे तिथेच होते. मी आणि काका एकत्र सगळ्या भिंती बघत फिरलो, 14 तारखेला संध्याकाळी, सामान अजून हलायचं होतं तेव्हा. ही वेळ मुद्दाम निवडली होती. रिकाम्या घरात सगळंच कळकट दिसतं. कपाटामागचा चौकोन, फ्रिजमागची काळपट सावली, फोटोखालचा उजळ आयत. सामान असताना बघितलं की त्या खुणा कशाच्या आहेत हे डोळ्यांना दिसतं. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग, सोफ्याच्या पाठीने घासलेली पट्टी, उन्हाच्या बाजूची पिवळट भिंत: हे सगळं राहण्याने होतं. टीव्हीसाठी चार भोकं पाडली होती, पण त्याआधी काकांना विचारलेला मेसेज होता, आणि ती आम्ही पुट्टीने बुजवून घेतली होती.

हॉलच्या बाथरूमकडच्या कोपऱ्यात पोपडे आले होते. काकांनी तेही आमच्या नावावर धरलं होतं. ओल आतून येते की बाहेरून लागते हे ओळखणं अवघड नाही. पाणी सांडून किंवा फडका लागून खराब झालेली भिंत खालून आणि वरवर खराब होते. इथे डाग छताला लागून होता, त्याला तपकिरी कड होती, आणि पोपड्याखाली पांढरा भुसभुशीत क्षार होता. म्हणजे पाणी भिंतीच्या आतून झिरपत होतं, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून. शिवाय ऑगस्ट 2022 मध्ये मी त्याचा फोटो काकांना पाठवला होता आणि त्यांनी ‘सोसायटीत बोलतो’ असं उत्तर दिलं होतं. तो मेसेज दाखवल्यावर त्यांनी स्वतःच मान हलवली. ज्याला ओल दिसेल त्याने त्याच आठवड्यात लिहून कळवावं. दोन वर्षांनी तोंडी सांगून कुणाला पटवायचं?

राहिली लेकीची खोली. तिथे दोन भिंतींवर तिने खडूने, तेही मेणाच्या खडूने, एक मोठं गाव काढलं होतं. घरं, झाडं, एक रेल्वे. हे आमचं, यात शंका नव्हती. मी ते काकांनी न सांगता आधीच बोलून दाखवलं. मेणाच्या खडूवर नुसता रंग फासला तर तो धरत नाही आणि डाग पुन्हा वर येतो. घासून, प्रायमर लावून मग रंग द्यावा लागतो. ओळखीच्या रंगाऱ्याने त्या दोन भिंती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करायचे 6,000 सांगितले. मधलाच तुकडा रंगवला तर जुन्या रंगात तो ठिगळासारखा दिसतो, म्हणून पूर्ण भिंत धरणं योग्यच होतं.

मग आयुष्याचा हिशेब. काकांनी घर दाखवताना सांगितलं होतं की मागच्या दिवाळीतच, म्हणजे नोव्हेंबर 2020 मध्ये, रंग दिलाय. तेव्हापासून फेब्रुवारी 2024 संपेपर्यंत 40 महिने होतात. आतला रंग साधारण पाच वर्षं, म्हणजे 60 महिने, टिकतो असं आम्ही दोघांनी धरलं. रंगारी चारही म्हणाला असता. पाच धरणं मालकाच्या बाजूचं होतं आणि मी त्याला विरोध केला नाही. 60 पैकी 40 महिने वापरून झाले, 20 उरले. म्हणजे लेकीच्या चित्राने त्या भिंतींचं एक तृतीयांश आयुष्य आधी संपवलं. 6,000 चा एक तृतीयांश, 2,000. बाकीच्या घराला रंग काकांना नव्या भाडेकरूसाठी द्यायचाच होता. 38,000 चे 2,000 झाले, आणि हे घासाघीस करून नव्हे, भिंती बघून झाले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

फरशीवर मात्र आमचा खरा वाद झाला. किचनमध्ये ओट्यासमोर कुकर हातातून सुटला होता आणि एका व्हिट्रिफाइड टाइलचा रुपयाएवढा टवका उडाला होता. नुकसान आमचंच. काका म्हणाले, एक टाइल बदलली तर शेड जुळणार नाही, म्हणून सगळं किचन करावं लागेल. शेड न जुळण्याबद्दल त्यांचं खरं होतं. मी स्वतः टवक्याचा फोटो घेऊन दोन दुकानांत गेले. इमारत 2012 ची, तो डिझाइन नंबर बंद होऊन वर्षं झाली होती. बिल्डरने दिलेल्या जादा टाइल माळ्यावर असतील म्हणून तोही शोधला, नव्हत्या. कपाटाखालची टाइल काढून इथे बसवू का, हे मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, कटरने सोडवताना तीही फुटेल आणि शेजारच्या दोन सैल होतील.

म्हणून दुरुस्ती हाच पर्याय राहिला. त्याच मिस्त्रीने रंग मिसळलेलं इपॉक्सी भरून टवका सपाट करून द्यायचे 700 सांगितले. पायाला लागणार नाही, पाणी मुरणार नाही, पण वाकून बघितलं तर दिसेल. काकांना हे पटेना. ते म्हणाले, ‘‘माझं घर होतं तसं तर राहिलं नाही ना?’’ आणि हा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. बारा वर्षांच्या फरशीसाठी 22 हजार मागणं अवाजवी, पण फक्त 700 देऊन मोकळं होणंही पुरतं न्याय्य नव्हतं. जो डाग दिसत राहणार त्याचीही काही किंमत आहे, आणि ती काढायचं कुठलंही कोष्टक नाही. शेवटी दुरुस्तीचे 700 आणि राहिलेल्या खुणेपोटी 1,800, असे 2,500 ठरले. इथे मी थोडं जास्त दिलं असेन. तरी ते मनापासून दिलं.

गिझरच्या बाबतीत मी आधी स्वतःच्या विरुद्ध जाणारा कागद वाचला. आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्तीच्या जबाबदाऱ्या वाटून दिल्यात. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणं, वायरिंग आणि इमारतीची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच, कुलपं, जाळ्या, खिडकीच्या काचा आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. भाडेकरूने केलेल्या नुकसानीमुळे इमारतीची दुरुस्ती करावी लागली तर ती मालकाकडे राहत नाही. आपल्याकडे लागू नसलं तरी दोन्ही बाजूंनी मान्य करण्यासारखा मजकूर म्हणून मी ते पान काकांना दाखवलं. त्यातलं आपल्याला सोयीचं तेवढंच दाखवणं मला बरोबर वाटलं नसतं. गिझरची दुरुस्ती आम्ही केलीही होती. 2022 मध्ये कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलला, 1,300 चं बिल जपून ठेवलं होतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी असायचं, त्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर बसतो.

पण आता गळत होती ती टाकी. तळाच्या जोडावर गंज आणि पांढरे ओघळ. टाकी आतून कुजली की तिला दुरुस्ती नाही, गिझरच बदलावा लागतो. त्याच्या पोटाखालच्या पट्टीवर कारखान्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मी स्टुलावर चढून मोबाइलने फोटो काढला. 2013. अकरा वर्षांच्या गिझरचं आयुष्य शिल्लक होतं असं म्हणायला कुणी धजलं नसतं. काकांनी फोटो पाहिला आणि ती ओळ स्वतः खोडली.

जाळ्या दोन होत्या. एक लेकीने पाय लावून फाडली होती. दुसरीचा फायबर उन्हाने इतका कडक झाला होता की बोट लावताच तुटत होता. पहिलीचे 700 आमचे, दुसरीचे त्यांचे. साफसफाईचे 3,000 त्यांनी सवयीने लिहिले होते. ओटा, चिमणी, कपाटं आम्ही घासून घेतली होती आणि जून 2021 चा व्हिडिओ दाखवत होता की आम्हालाही घर तेवढंच स्वच्छ मिळालं होतं. पण बाथरूमच्या टाइलवरचा क्षार आमच्या काळात चढला होता आणि मी तो नियमित काढला नव्हता. त्याचे 1,000 कबूल केले. वीजबिलाचे 1,240 मागच्या बिलाएवढे, ते मान्यच होते.

2,000, 2,500, 700, 1,000 आणि 1,240. बेरीज 7,440. 74,000 मधून वजा जाता 66,560. मी हे एका कागदावर दोन रकाने करून लिहिलं: डावीकडे त्यांनी मागितलेली रक्कम, उजवीकडे ठरलेली आणि शेजारी कारण. दोघांनी खाली सह्या केल्या. सही घेताना काका थोडे नाराज होते, पण कुठल्या ओळीवर ते मात्र सांगू शकले नाहीत. बहुधा 66 हजार आता खरोखरच द्यायचे आहेत, याचीच ती नाराजी होती.

ते पैसे त्यांच्याकडे नव्हतेच. 40 हजारांची सोय होत होती. नवरा म्हणाला, मग किल्ल्या पूर्ण पैसे मिळेपर्यंत देऊ नकोस. मलाही तेच सुचलं होतं, पण मी एका वकील मैत्रिणीला विचारलं आणि बरं झालं विचारलं. त्याच 1999 च्या अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर पुढच्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. आमचं सामान नव्या घरी, किल्ल्या आमच्या पर्समध्ये आणि रोज दुप्पट भाडं अंगावर. डिपॉझिटसाठी ताबा अडवून ठेवणं भाडेकरूच्याच गळ्याशी येतं.

तिने सुचवलेला उपाय असा: 40 हजार किल्ल्या देण्याआधी बँकेतून, आणि उरलेल्या 26,560 चा 28 मार्चचा चेक, तोही किल्ल्या देतानाच. चेकच्या मागे नव्हे तर ताबा-पावतीत लिहायचं की हा चेक परत करायच्या डिपॉझिटपोटी आहे. तोंडी ‘पुढच्या महिन्यात देतो’ आणि तारीख घातलेला चेक यात मोठा फरक आहे. देणं ठरलेलं असताना दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली तो गुन्हा होतो: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, मिळाल्यावर देणाऱ्याला 15 दिवसांची मुदत, आणि तरीही न दिल्यास तक्रार. चेकच नसता तर दिवाणी दावाच करावा लागला असता. पैसे देय झाल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत असते, पण 26 हजारांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार?

29 फेब्रुवारीला सकाळी आम्ही रिकाम्या घरात भेटलो. मीटरचा फोटो काढला, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ केला, त्यात काकांचा आवाज यावा म्हणून त्यांच्याशी बोलतच फिरले. पैसे खात्यात आल्याचा मेसेज आला, चेक घेतला, तीनही किल्ल्या दिल्या आणि ताबा-पावतीवर वेळ घालून सह्या केल्या. काकांनी लेकीच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘नवीन माणसाला एक मुलगा आहे. ही भिंत तशीच ठेवली तर चालेल का, विचारतो त्यांना.’’ मी म्हटलं, चालेल, पण दोन हजार कापलेले राहू द्या.

28 मार्चला चेक बँकेत टाकला. त्याआधी आदल्या दिवशी काकांना फोन करून सांगितलं होतं. दोन दिवसांत रक्कम जमा झाली.

नव्या घराच्या ॲग्रीमेंटमध्ये मी तीन ओळी घालून घेतल्या आहेत. रंग कुठल्या महिन्यात दिला तो महिना. गिझर, पंखे आणि चिमणी यांची वर्षं, पट्ट्यांच्या फोटोंसह. आणि तिसरी अशी: ‘ताबा देण्याच्या किमान दहा दिवस आधी दोन्ही पक्षांनी जागेची एकत्र पाहणी करून वजावटींची यादी कारणांसह लेखी ठरवावी, यादीत नसलेली वजावट नंतर करता येणार नाही.’ या घराच्या मालकीणबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, ‘‘आणि माझ्याकडून यादी उशिरा आली तर?’’ म्हणून आम्ही त्यापुढे एक अर्धविराम घालून लिहिलं की दोघांच्या लेखी संमतीने पाहणी ताबा देण्याच्या दिवसापर्यंत पुढे ढकलता येईल.